पालकसभेत एक आलेख, दोन मिनिटं आणि फसलेल्या नोट्स: काय काय तपासायचं

आमच्या शाळेत पालकसभेच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गांच्या स्लाइड माझ्याकडे येतात. मी गणित शिकवते. फार वर्षांपूर्वी एकदा सभेत प्रोजेक्टर जोडून दिला आणि तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं. प्रत्येक वर्गशिक्षकाला एक आलेख दाखवायला २ मिनिटं मिळतात. आलेख तयार असतो, स्लाइडखाली नोट्स लिहिलेल्या असतात, शिक्षकांना विषय पाठ असतो. तरीही सभेत गाडी अडते, आणि ती बहुतेक वेळा त्याच जागी अडते. आता मी आलेखाकडे नंतर बघते, आधी नोट्स उघडते. अडचण कुठे होणार हे तिथेच दिसतं.

आधी लक्षणं बघा

यातली दोन जरी तुमच्या सभेत दिसली असतील तर पुढचं वाचा.

- दोन मिनिटं संपतात तेव्हा तुम्ही अजून "आडव्या रेषेवर महिने आहेत, उभ्या रेषेवर टक्केवारी आहे" इथेच असता.
- तुमचं तोंड पडद्याकडे आणि पाठ पालकांकडे असते, कारण लॅपटॉपवर नोट्स दिसत नाहीत आणि आकडे पडद्यावरून वाचावे लागतात.
- पहिला प्रश्न येतो, "यात आमचा मुलगा कुठे आहे?"
- सभा संपल्यावर दाराशी पालक एकमेकांना सांगतात, "या वर्गाचं काही खरं नाही," आणि तुम्हाला तसं काहीच म्हणायचं नव्हतं.
- कोणीच काही विचारत नाही आणि पुढच्या महिन्यात काहीच बदलत नाही. हे लक्षण सर्वांत फसवं आहे, कारण सभा शांतपणे पार पडली असं वाटतं.

एक खरी स्लाइड धरून सांगते. आमच्या एका वर्गशिक्षिका बाईंचा वर्ग आता सातवीत आहे, पट ४०. शाळा ठाणे जिल्ह्यातली. बरीच घरं मूळची कोकणातली, काही साताऱ्याकडची. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारच्या सभेत बाईंना याच मुलांची गेल्या वर्षीची हजेरी दाखवायची होती, जून ते डिसेंबर, महिन्यावार. सात खांब: ८६, ९०, ८९, ८५, ८७, ७८ आणि ८८ टक्के. नोव्हेंबरचा ७८ खाली गेलेला. नोट्सची सुरुवात अशी होती:

> सदर आलेखामध्ये इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांची माहे जून ते डिसेंबर या कालावधीतील सरासरी उपस्थिती टक्केवारीमध्ये दर्शविण्यात आलेली आहे. क्ष-अक्षावर महिने व य-अक्षावर टक्केवारी घेण्यात आलेली आहे. जून महिन्यामध्ये ८६ टक्के, जुलै महिन्यामध्ये ९० टक्के…

असं डिसेंबरपर्यंत, आणि शेवटी "तरी पालकांनी पाल्याच्या नियमित उपस्थितीकडे लक्ष द्यावे ही विनंती". बाई मनापासून शिकवणाऱ्या आहेत, त्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर थांबतात. पण या नोट्स अधिकाऱ्यांना पाठवायच्या अहवालासारख्या होत्या, समोर बसलेल्या माणसांशी बोलायच्या नव्हत्या.

पहिली तपासणी: घड्याळ लावून मोठ्याने वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत काम होतं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, उभं राहा आणि नोट्स मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं धरू नका, डोळे जिभेच्या पुष्कळ पुढे पळतात. बाईंच्या नोट्सना पावणेचार मिनिटं लागली. त्यांच्या अंदाजाने त्या "दीड मिनिटात होणाऱ्या" होत्या.

मी जितक्या वेळा मोजलं तितक्या वेळा असं दिसलं, की मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा सावकाश आवाजात मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांत २००. त्यातून पडद्याजवळ जाणं, हात दाखवणं, उशिरा आलेल्या पालकांसाठी थांबणं वजा करा. हातात १५० शब्द उरतात. नोट्स त्याहून जास्त असतील तर भरभर बोलून उपयोग नाही. पालक आलेख पहिल्यांदाच बघत असतात. तुम्ही बोलत असताना त्यांना तो वाचायचाही असतो आणि त्यासाठी मध्ये शांतता लागते.

मोजल्यावर लगेच शब्द कापायला बसू नका. काय कापायचं ते पुढच्या तपासणीत कळतं.

दुसरी तपासणी: पहिलं वाक्य झाका आणि बघा काही बिघडतं का

नोट्सच्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवून ते झाका. पालकांना मिळणारी गोष्ट तीच राहिली तर ते वाक्य वाया गेलेलं आहे. बाईंचं पहिलं वाक्य झाकलं, काहीच गेलं नाही. दुसरं झाकलं, तरीही नाही. "नोव्हेंबरमध्ये मुलं कमी आली" हे त्यांचं खरं म्हणणं नोट्समध्ये नवव्या वाक्यात होतं.

म्हणणं आधी सांगायचं कारण असं. पालकाला काय शोधायचं ते माहीत असलं की तो आलेखात तेच शोधतो आणि त्याला ते सापडतं. माहीत नसलं तर सात खांबांपैकी कुठल्याही खांबावर नजर थांबते. एखाद्याला जूनचा ८६ खटकतो, दुसऱ्याला सप्टेंबरचा ८५. मग त्यांचे प्रश्न जूनबद्दल आणि गणपतीबद्दल येतात आणि तुमची दोन मिनिटं तिथेच जातात. म्हणून पहिलं वाक्य निष्कर्षाचं, मग आलेख कसा वाचायचा ते, मग एकच खांब, मग पालकांनी काय करायचं ते. माझ्याकडे येणाऱ्या नोट्सपैकी निम्म्यांहून जास्त नुसता हा क्रम बदलला तरी सुधारतात.

बाईंना मी म्हटलं, "बाई, घरी जाताना एका पालकाने शेजारणीला एकच वाक्य सांगायचं असेल तर ते कोणतं?" त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "दिवाळीनंतर मुलं उशिरा परततात." हे वाक्य त्यांच्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं.

तिसरी तपासणी: टक्के मोडून मुलं करा

नोट्समध्ये "टक्के", "सरासरी", "उपस्थिती" असे शब्द असतील तिथे पेन्सिलने खूण करा. प्रत्येक खुणेजवळ तीच गोष्ट मुलांत किंवा दिवसांत लिहून बघा. ७८ टक्के ऐकून पालकाच्या मनात परीक्षेचा निकाल येतो, आणि निकाल म्हणून ७८ चांगलाच असतो. एका सभेत एक वडील खरोखर म्हणाले होते, "७८ म्हणजे फर्स्ट क्लासच की." त्यांची चूक नव्हती. घरात टक्के याच कामासाठी येतात.

तेच "४० पैकी रोज ३१ मुलं" असं म्हटलं की नऊ रिकाम्या जागा दिसायला लागतात. "सदर", "माहे", "दर्शविण्यात आलेली आहे" हे शब्द याच फेरीत काढून टाका. ते बोलायला जड जातात, आणि वाचणाऱ्याचा आवाज आपोआप सूचना वाचल्यासारखा होतो.

चौथी तपासणी: नोट्स तुम्हालाच दिसतात का?

ही वरकरणी किरकोळ गोष्ट आहे, पण सर्वांसमोर पंचाईत करते. प्रोजेक्टर जोडला की बऱ्याच लॅपटॉपवर पडद्यावर आणि लॅपटॉपवर तेच चित्र येतं. नोट्स कुठेच दिसत नाहीत आणि शिक्षक पडद्याकडे वळतात. विंडोजमध्ये `Windows + P` दाबा आणि `Duplicate` ऐवजी `Extend` निवडा. मग पॉवरपॉइंटमध्ये `Alt + F5` दाबलं की लॅपटॉपवर नोट्ससह `Presenter View` येतो आणि पालकांना फक्त स्लाइड दिसते. क्वचित उलटं होतं, नोट्स पडद्यावर आणि स्लाइड लॅपटॉपवर. तेव्हा घाबरू नका, त्याच खिडकीत वरच्या बाजूला दोन्ही पडद्यांची अदलाबदल करायचं बटण असतं.

हे सभेच्या दिवशी सकाळी करून बघा, शक्यतो त्याच खोलीत आणि त्याच वायरने. दोनदा करूनही जमलं नाही तर नाद सोडा. नोट्स एका कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये अंतर ठेवून छापा. १५० शब्द एका पानात आरामात मावतात. मी स्वतः आता कागदच वापरते. वीज गेली तरी तो हातात असतो.

बोलताना पालकांनी पडद्याऐवजी तुमच्याकडे बघायला हवं असेल तर स्लाइड चालू असताना `B` दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. शेवटचं वाक्य, म्हणजे पालकांनी काय करायचं ते, मी पडदा काळा करून सांगते.

पाचवी तपासणी: नोट्स लांब का झाल्या ते आलेखाला विचारा

आता थोडं जास्त काम आहे, तासभर धरा. नोट्समध्ये "इथे लक्षात घ्या की", "हे जरी असं दिसत असलं तरी" अशी वाक्यं असतील तर दोष नोट्सचा नसतो. आलेख काहीतरी चुकीचं दाखवत असतो आणि ते सावरायचं काम तुमच्या गळ्यात पडलेलं असतं.

बाईंच्या आलेखात उभा अक्ष ७० पासून सुरू होत होता. तो त्यांनी मुद्दाम तसा ठेवला नव्हता. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल आपल्या मनाने अक्ष शून्याऐवजी वरून कुठून तरी सुरू करतं. परिणाम बघा. डिसेंबरचा ८८ चा खांब ७० च्या वर १८ घरं, नोव्हेंबरचा ७८ चा खांब ८ घरं. बघणाऱ्याला नोव्हेंबरात हजेरी निम्म्याहून खाली कोसळली असं वाटतं, प्रत्यक्षात ती ८८ ऐवजी ७८ टक्के आहे. खांबांच्या आलेखात डोळा उंचीची तुलना करतो, अक्षावरचे आकडे कोणी वाचत नाही. म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा. अक्षावर दोनदा क्लिक करा, `Format Axis` मध्ये `Minimum` ला `0` लिहा. सहावीच्या गणितात आपण मुलांना स्तंभालेख शिकवतो, प्रमाण घेऊन तो वहीत काढायला लावतो. पालकांना दाखवायचा आलेख त्याच नियमाने असावा असं मला मनापासून वाटतं.

शून्यापासून घेतल्यावर मात्र दुसरी अडचण आली. सातही खांब जवळजवळ सारखे दिसायला लागले, नोव्हेंबरचा किंचित बुटका. बाई नाराज झाल्या, "मग दाखवायचं काय?" प्रश्न रास्त होता. फरक महिन्याच्या आकड्यात नीट दिसत नव्हता, कारण तो महिनाभर पसरलेलाच नव्हता. यासाठी पुढची तपासणी करावी लागते. ती सर्वांत कष्टाची आहे, आणि लोक तीच टाळतात.

सहावी तपासणी: कॅटलॉग उघडा आणि पुन्हा मोजा

हजेरीचा कॅटलॉग घेऊन आम्ही दोघी एक संध्याकाळ बसलो. नोव्हेंबरात शाळा २० दिवस भरली होती. ४० मुलं गुणिले २० दिवस म्हणजे पूर्ण हजेरी झाली असती तर ८०० हजेऱ्या. प्रत्यक्षात ६२४. हेच ते ७८ टक्के. न लागलेल्या हजेऱ्या १७६.

मग आम्ही त्या १७६ कोणत्या दिवसांच्या ते मोजलं. सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या ६ दिवसांतच १०८ निघाल्या. उरलेल्या १४ दिवसांत ६८. म्हणजे पहिल्या ६ दिवसांत २४० पैकी १३२ हजेऱ्या, रोज सरासरी २२ मुलं. नंतरच्या १४ दिवसांत ५६० पैकी ४९२, रोज ३५ मुलं. हे ३५ म्हणजे जवळपास ८८ टक्के, म्हणजे इतर महिन्यांसारखंच. अख्खा नोव्हेंबर वाईट नव्हताच. एक आठवडा जवळजवळ अर्ध्या बाकांवर कोणी नव्हतं आणि महिन्याच्या सरासरीने ते झाकून टाकलं होतं.

आता सात खांबांची गरज संपली. दोन पुरले: डावा २२, उजवा ३५, आणि वर ४० वर एक आडवी रेघ, पूर्ण वर्गाची.

मोजताना दोन ठिकाणी सांभाळा. महिन्याच्या मधे कोणी दाखला नेला असेल किंवा नवं मूल आलं असेल तर पट सगळे दिवस ४० नसतो. त्या तारखेपासून भाजक बदला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आकडे 'कधी' ते सांगतात, 'का' ते सांगत नाहीत. पहिल्या आठवड्यात मुलं कमी होती म्हणजे ती गावालाच होती असं होत नाही, तापाची साथही असू शकते. म्हणून बाईंनी दोन गोष्टी केल्या. शेजारच्या तुकडीचा कॅटलॉग बघितला, तिथेही तोच आठवडा रिकामा होता. आणि मुलांनी आणलेल्या सुट्टीच्या चिठ्ठ्या काढून वाचल्या. बहुतेकांत गावाहून परतायला उशीर, परतीचं आरक्षण मिळालं नाही, असंच होतं. यानंतरच "उशिरा परततात" हे वाक्य नोट्समध्ये लिहिलं. चिठ्ठ्या नसत्या तर "मुलं नव्हती" एवढंच लिहून, का नव्हती ते पालकांनाच विचारायला मी सांगितलं असतं.

आणि एक पथ्य: खांब इतका छोटा करू नका की त्यात एकदोनच मुलं उरतील. "२० पैकी १० पेक्षा कमी दिवस आलेली मुलं: २" असा खांब दाखवला की नाव न लिहिताही सगळ्या वर्गाला ती दोन मुलं कोण ते कळतं. त्यांचे आईवडील त्याच खोलीत बसलेले असतात.

तयार झालेल्या नोट्स

बाईंनी सभेत वापरल्या त्या जशाच्या तशा देते. कंसातलं बोलायचं नाही, ते स्वतःसाठी आहे.

> गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिला आठवडाभर आपला जवळजवळ निम्मा वर्ग रिकामा होता.
>
> (थांबा. दोन श्वास.)
>
> चित्रात दोनच खांब आहेत. खांबाची उंची म्हणजे रोज सरासरी किती मुलं वर्गात होती. वरची ही रेघ ४० वर आहे, म्हणजे पूर्ण वर्ग.
>
> (डाव्या खांबाजवळ. हात माथ्यावर.)
>
> हे सुट्टीनंतरचे पहिले ६ दिवस. रोज २२ मुलं. इथून रेघेपर्यंतची मोकळी जागा म्हणजे न आलेली १८ मुलं.
>
> (उजवा खांब.)
>
> हे पुढचे १४ दिवस. रोज ३५ मुलं. म्हणजे मुलं आली, पण आठवडाभराने.
>
> (थांबा. पडदा काळा.)
>
> त्या आठवड्यात गणितात समीकरणं सुरू झाली होती. नंतर आलेल्यांना ती मी पुन्हा शिकवली, पण घाईत.
>
> गावी जरूर जा. यंदा शाळा उघडायच्या आदल्या रात्री मूल घरी असेल असं परतीचं तिकीट काढा. तारीख फळ्यावर लिहिली आहे.
>
> आपल्या मुलाची हजेरी बघायची असेल तर सभेनंतर मी इथेच आहे.
>
> (इथे थांबा. आणखी काही बोलू नका.)

कंसातल्या सूचना धरून हे पावणेदोन मिनिटांत होतं. "गावी जरूर जा" हे वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. ते नसतं तर पालकांना वाटलं असतं की शाळा गणपती-दिवाळीला गावाला जाण्यावर बोट ठेवते आहे, आणि पुढचं काहीच त्यांनी ऐकलं नसतं. शेवटच्या वाक्याने "आमचा मुलगा कुठे आहे?" हा प्रश्न सभेबाहेर जातो, जिथे त्याचं नीट उत्तर देता येतं.

सभा सप्टेंबरात ठेवायलाही कारण आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हाच आलेख डिसेंबरात दाखवला असता तर पालकांनी ऐकून घेतलं असतं, पण त्या दिवाळीपुरतं तरी हातात काही उरलं नसतं. कोणता आलेख कधी दाखवायचा हे ठरवताना पालक त्यावर काय करू शकतात ते आधी बघा.

सातवी तपासणी: शिक्षक नसलेल्या एका माणसासमोर बोलून बघा

मी आमच्या शाळेतल्या मावशींना बसवते. त्यांचा नातू दुसऱ्या शाळेत आहे, म्हणजे त्या खऱ्याखुऱ्या पालकसभेत बसणाऱ्या आहेत. दोन मिनिटं बोलायचं, स्लाइड बंद करायची आणि विचारायचं, "मावशी, काय कळलं?" "कळलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. बाईंच्या पहिल्या खेपेला मावशी म्हणाल्या, "बावीस मुलं नापास झाली?" तेव्हा नोट्समध्ये "वर्गात होती" ऐवजी "उपस्थित" होतं आणि खांबाची उंची म्हणजे काय ते सांगितलंच नव्हतं. ते वाक्य घातल्यावर दुसऱ्या खेपेला मावशी म्हणाल्या, "दिवाळीला गेलेली पोरं लवकर आणा म्हणतायत." मग आम्ही नोट्सना हात लावला नाही.

सहकारी शिक्षकांसमोर तालीम करू नका असं नाही, पण त्यांना आलेख आधीच कळलेला असतो. ते भाषा सुधारतात. गैरसमज कुठे होतो हे त्यांच्याकडून कळत नाही.

स्लाइड ग्रुपवर पाठवण्याआधी

सभेनंतर पालकांच्या ग्रुपवर स्लाइड मागितली जाते. पॉवरपॉइंटची मूळ फाइल पाठवली तर नोट्सही तिच्याबरोबर जातात. एका वर्गाच्या नोट्समध्ये शिक्षकाने स्वतःसाठी तीन मुलांची नावं लिहून ठेवली होती आणि ती ग्रुपवर गेली. त्या संध्याकाळचे फोन मला अजून आठवतात. फाइल `Save As` मधून `PDF` करून तीच पाठवा. आणि मुलांची नावं नोट्समध्ये लिहूच नका, वहीत लिहा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

प्रोजेक्टरचं चित्र पिवळं पडलं, मधेच बंद होतंय, जळका वास येतोय, वायरच्या टोकाशी ठिणगी दिसली, तर बटण बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. झाकण उघडू नका. आत दिवा खूप तापलेला असतो आणि विजेचा दाबही जास्त असतो. सभा कागदावर काढलेल्या दोन मोठ्या खांबांवर होते, मी केलेली आहे.

कॅटलॉगमधली बेरीज आणि ऑनलाइन भरलेली हजेरी जुळत नसेल तर आलेख काढूच नका. मुख्याध्यापकांना दोन्ही दाखवा. कोणता आकडा खरा हे त्यांनी ठरवायचं असतं, स्लाइड करणाऱ्याने नाही.

हजेरीऐवजी गुणांचा आलेख असेल आणि पहिल्या घटक चाचणीची तुलना दुसरीशी करायची असेल तर विषय शिक्षकांना विचारल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी वेगळी असते. गुण खाली आले म्हणजे मुलं मागे पडली असं त्यातून निघत नाही, आणि दोन मिनिटांत हे समजावता येत नाही. आम्ही तो आलेख पालकसभेत दाखवणं बंद केलं आहे.

आणि मोजताना एखादं मूल वेगळं दिसलं, सगळे परत आले तरी न आलेलं, किंवा दर आठवड्याला ठरावीक वारी गैरहजर, तर तिथे आलेखाचं काम संपलं. ते स्लाइडवर आणू नका, सभेत आडून सुचवूही नका. वर्गशिक्षकांनी घरी जाऊन किंवा आईवडिलांना एकटं भेटून बोलायचं. आजार, मनाचं काही दुखणं, घरातली ओढाताण असेल तर समुपदेशकांकडे न्यायचं. मूल कामाला लावलं गेलंय, त्याला मारहाण होतेय किंवा मुलीचं लग्न ठरवलं जातंय असा संशय आला तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो. बाईंच्या त्या कॅटलॉगमध्ये १४ दिवसांच्या ६८ गैरहजेऱ्यांपैकी ११ एकाच मुलीच्या होत्या. उजव्या खांबात त्या दिसत नव्हत्या, दिसायलाही नको होत्या. बाई दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेल्या.